चार सेकंदांची चूक आणि हरवलेली नोंद

१/ सप्टेंबर १९८५. डेव्हिड मिल्स यांनी इंटरनेटवरील संगणकांची घड्याळे जुळवण्याची पद्धत आरएफसी ९५८ या दस्तऐवजात मांडली. तिचे नाव नेटवर्क टाइम प्रोटोकॉल, म्हणजेच एनटीपी.

२/ घड्याळे मुळात चुकतात का? सर्व्हरमधील वेळ क्वार्ट्झ स्फटिकाच्या कंपनांवर मोजली जाते, आणि तापमानानुसार ती कंपने किंचित बदलतात. दहा लाख सेकंदांत ५० सेकंदांचा फरक नगण्य भासतो. पण त्याच गतीने दिवसाला ४.३२ सेकंद साचतात.

३/ नदीचे पाणी कुठवर चढले होते हे पूररेषा सांगते. माहिती गोळा करणारी प्रणालीही अशीच रेषा राखते. वाचलेल्या नोंदींतील सर्वांत अलीकडचा टाइमस्टॅम्प हा तिचा ‘वॉटरमार्क’. पुढच्या फेरीत ती केवळ त्यानंतरच्या नोंदी मागते.

४/ समजा, ‘क’ सर्व्हर ४ सेकंद पुढे आहे आणि ‘ख’ अचूक. ठीक १०:००:०० वाजता ‘क’ने केलेल्या नोंदीवर १०:००:०४ ही वेळ उमटते. एका सेकंदाने वाचन होते आणि वॉटरमार्क १०:००:०४ वर जातो. मग १०:००:०२ ला ‘ख’ नवी नोंद करतो. पुढची फेरी १०:००:०४ नंतरचेच मागते. ‘ख’ची नोंद कायमची सुटते!

५/ त्रुटीचा संदेश मात्र कुठेच येत नाही. सुगावे दोनच: दोन्हीकडील नोंदींची संख्या जुळत नाही आणि वॉटरमार्क प्रत्यक्ष वेळेच्या पुढे दिसतो.

६/ आता मिल्स यांचा उपाय. ‘क’ आपल्या घड्याळाप्रमाणे १०:००:०४.०० ला वेळ विचारतो. वेळदर्शक सर्व्हरकडे प्रश्न १०:००:००.०२ ला पोहोचतो आणि उत्तर लगेच निघते. ते ‘क’ला १०:००:०४.०४ ला मिळते. जातानाचा फरक ३.९८ सेकंद, येतानाचा ४.०२, सरासरी बरोबर ४. प्रवासाचा वेळ आपोआप वजा झाला.

७/ मात्र जाण्या-येण्याचा वेळ समान आहे, हे यात गृहीत धरलेले असते. जाताना ३० आणि येताना १० मिलिसेकंद लागले, तर उत्तर १० मिलिसेकंदांनी चुकते.

८/ घड्याळ एकदम मागे ओढले तर तीच वेळ दोनदा येते आणि टाइमस्टॅम्पचा क्रम पुन्हा बिघडतो. म्हणून प्रचलित `ntpd` प्रणाली १२८ मिलिसेकंदांपर्यंतचा फरक घड्याळाची गती किंचित कमी-जास्त करून मिटवते. त्याहून मोठा असेल, तर सहसा उडी मारते. ती अखंड चालू ठेवली, तर उडीची वेळ क्वचितच येते.

९/ तरीही काही मिलिसेकंद उरतातच. म्हणून सावध प्रणाली प्रत्येक फेरीत वॉटरमार्कच्या काही सेकंद मागून वाचते आणि दुबार आलेल्या नोंदी त्यांच्या क्रमांकावरून वगळते. एनटीपीने चूक सेकंदांवरून मिलिसेकंदांवर आणली, म्हणूनच मागे सोडायचे हे अंतर इतके लहान ठेवता येते.