मनसरचा लंबोदर शिव : देवाचे पोट केव्हा सपाट झाले?

भंडारा जिल्ह्यातील आंबागडच्या पश्चिमेला रामटेकची टेकडी आहे आणि तिच्याजवळच मनसर. इसवी सनाच्या पाचव्या शतकात हा वाकाटकांचा प्रदेश होता. मनसरला सापडलेली त्या काळातील एक मूर्ती आज दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. ती 'मनसरचा शिव' या नावाने प्रसिद्ध आहे.

आजच्या डोळ्यांना ही मूर्ती चकवते. ठेंगणा बांधा, भरलेले गाल, गोल सुटलेले पोट, डोक्यावर जटांचा विस्तीर्ण संभार आणि चेहऱ्यावर मंद हसू. स्नायू किंवा शीर कोठेही दिसत नाही. कातडीखाली जणू श्वासच भरलेला आहे.

हा शिव की शिवगण, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. शंकेचे कारण प्रमाणात आहे. शिल्पशास्त्रात चेहऱ्याची लांबी हे माप धरतात. त्याला ताल म्हणतात. प्रमुख देवांची उंची साधारण नऊ किंवा दहा ताल असते, ठेंगण्या गणांची त्याहून बरीच कमी. मनसरची मूर्ती दुसऱ्या गटाकडे झुकते.

पण निव्वळ पोटावरून तिला गण ठरवणे घाईचे होईल. रामटेकच्या केवल नरसिंह मंदिरातील नरसिंह पाहावा. तो निःसंशय विष्णूचा अवतार, मंदिराचा मुख्य देव. तरीही आखूड, स्थूल आणि ऐसपैस बसलेला. म्हणजे या परिसरातील कारागिरांना देव असा घडवणे मुळीच विसंगत वाटत नव्हते. या रूपामागे यक्षांची जुनी परंपरा आहे. धनाचा रक्षक कुबेर लंबोदरच असतो. भरलेले शरीर हे समृद्धीचे चिन्ह होते.

यावरून त्या शतकाची अभिरुचीच अशी होती, असे मात्र म्हणता येत नाही. वाकाटकांच्याच दुसऱ्या शाखेच्या राज्यात, त्याच शतकाच्या उत्तरार्धात, अजिंठ्याची अनेक लेणी घडली. तेथील पहिल्या लेण्यातील पद्मपाणी सडपातळ आहे, कमरेत किंचित वाकलेला, पापण्या झुकलेल्या. मात्र त्याच्याही अंगावर स्नायू नाहीत. बांधा वेगळा, पण शरीर आतून भरलेले दाखवण्याची रीत एकच.

ही रीत बऱ्याच उशिरा बदलली, असे राजा रविवर्मा यांच्या 'गंगावतरण' चित्रावरून दिसते. तेथे शिव पाय फाकून, कमरेवर हात ठेवून उभा आहे. छाती रुंद, पोट सपाट, अंगावर तैलरंगातील छायाप्रकाश. युरोपीय पद्धतीत शरीर समोरच्या माणसावरून रेखाटतात, त्यामुळे देवालाही हाडे आणि स्नायू आले. १८९४ मध्ये मुंबईत रविवर्म्यांचा छापखाना सुरू झाला आणि अशी देवरूपे छापील तसबिरींतून घरोघरी पोहोचली. मनसरच्या मूर्तीपुढे उभा राहणारा आजचा प्रेक्षक बहुधा त्याच तसबिरींचे डोळे घेऊन आलेला असतो. गणपतीचे पोट मात्र त्याला कधीच खटकत नाही.