फळ्यावरचा आकडा

चि. बाळास,

आजीच्या शिवणाच्या डब्यात सापडलेलं ते पितळी नाणं कोणत्या देशाचं, असं तू परवा फोनवर विचारलंस. नंतर म्हणालास, ‘मशीनमधे पहिला नंबर आला तर तो कुठे सेव्ह व्हायचा?’ फोनवर मला धड सांगता आलं नाही, म्हणून लिहायला बसलो.

ते नाणं नाही, टोकन आहे. कसब्यात आपलं जनरल स्टोअर होतं, त्याच्या बाजूच्या खोलीत १९८९ साली मी दोन व्हिडिओ गेम लावले. सुरुवातीला टोकन नव्हतं. मुलं सरळ रुपया टाकत. भोकातून रुपया आत गेला की आधी एका इवल्याशा झुल्यावर पडायचा. वजन पुरेसं असलं तरच झुला कलायचा. मग उतरणीवर लोहचुंबक. चुंबकाला चिकटेल ते तिथेच अडायचं. या दोन्हींतून सुटलेला रुपया खाली पडताना तारेच्या एका बारीक काडीला धक्का द्यायचा, तिच्या मागचं बटण टिक् वाजायचं आणि पडद्यावर एक क्रेडिट चढायचं. मशीनला रुपया कळतच नसे, त्याला कळायचा तो फक्त काडीचा धक्का. एवढं लक्षात ठेव, पुढे लागेल.

तेव्हाचा रुपया तांबं-निकेलचा, सहा ग्रॅमचा. चुंबकाला चिकटायचा नाही. १९९२ मधे सरकारने रुपया पोलादाचा केला. तो आकाराने लहान, पाच ग्रॅमलाही थोडा कमी, आणि चुंबकाला चिकटणारा. पहिल्यांदा एका मुलाने तो टाकला आणि ‘काका, मशीन रुपया गिळतंय’ म्हणून ओरडला. दार उघडून पाहिलं तर रुपया चुंबकाला चिकटून बसलेला, आणि त्याच्या मागे दोन चांगले रुपये तुंबलेले.

मशीन दुरुस्तीला येणाऱ्या मिस्त्रींना बोलावलं. माणूस अबोल, पण हाताला डोळे असलेला. मी म्हटलं, चुंबकच काढून टाका. ते म्हणाले, ‘काढतो, पण आठवड्यात पुन्हा बोलवाल.’ तसंच झालं. चौथ्या दिवशी पेटीत अकरा लोखंडी वायसर निघाले, सायकलच्या दुकानातले. मग मिस्त्रींनीच चुंबक परत बसवलं आणि टोकनाचा तोडगा काढला. तांबट आळीत एका कारखान्यात पितळी पत्र्यातून चकत्या दाबून घेतल्या. एका बाजूला आपल्या दुकानाचं अक्षर, दुसरी बाजू कोरी. पितळ चुंबकाला चिकटत नाही, पण त्याच्यासमोरून घसरताना ते जरा कचरतं. जुन्या रुपयापेक्षा जास्तच कचरतं. त्यामुळे सुरुवातीला टोकनं भलत्याच वाटेने पडून परत येत. मिस्त्रींनी उतरणीच्या शेवटची पट्टी केसभर वाकवली आणि काम झालं.

आजीला मी हे पत्र वाचून दाखवलं. ती म्हणाली, ‘तो पैशांचं विचारतोय ना? मग सांग, एकदा घाईत मी पूजेच्या दक्षिणेत टोकन ठेवलं होतं, आणि गुरुजींनी ते दुसऱ्या दिवशी आणून दिलं.’ तू ते विचारलं नव्हतंस, पण ती म्हणतेय तर लिहितो.

मशीनच्या दारामागे एक आकडेपट्टी असते. स्कूटरच्या मीटरसारखी, मागे न फिरणारी. प्रत्येक क्रेडिटला ती एकाने पुढे सरकायची. मशीन भागीदारीत होतं, म्हणून रविवारी तिच्यावरूनच हिशेब व्हायचा. एका रविवारी एका मशीनचा आकडा २१२ ने पुढे गेलेला आणि पेटीत टोकनं १८७. पंचवीसचा फरक. मला वाटलं, टोकनाला भोक पाडून दोरा बांधताहेत आणि काडी हलवून पुन्हा वर ओढताहेत. पण एकाही टोकनाला भोक नव्हतं, मशीनच्या भोकाच्या कडेला दोरा घासल्याची खूणही नव्हती. मिस्त्रींनी खिशातून गॅस पेटवायचा लायटर काढला, भोकाच्या पत्र्याजवळ टक् केला, आणि पडद्यावर क्रेडिट चढलं. टोकन नाही, काडी हलली नाही, तरी चढलं. ठिणगीचा झटका तारेत शिरला की मशीनला तो बटणाचाच वाटतो. त्यांनी दाराच्या पत्र्याला अर्थिंगची जाड तार जोडली आणि पुढच्या रविवारी फरक दोनवर आला. ते दोन कुठून आले आणि आधीचे पंचवीस कोणाचे, हे मला आजतागायत कळलं नाही.

आता तुझा दुसरा प्रश्न. दोनपैकी एक मशीन ‘गॅलागा’चं होतं. १९८१ चा गेम, किड्यांसारखी विमानं गिरक्या घेत खाली येतात. चांगला स्कोअर झाला की शेवटी तीन अक्षरं लिहायला मिळायची, दांडा हलवून एकेक अक्षर निवडायचं. ही नाव लिहायची रीत अमेरिकेत १९७९ च्या सुमारास आली. त्याआधी पडद्यावर नुसता आकडा असे, कोणाचा ते कळत नसे.

मंडईत भाजी विकणाऱ्या बाईंचा मुलगा होता, तेरा-चौदा वर्षांचा. एका बुधवारी रात्री एका टोकनात त्याने १,८४,६१० केले. पडद्यावर SAN लिहिलं आणि घरी गेला. दुसऱ्या दिवशी गुरुवार, पुण्यात वीज बंद. शुक्रवारी तो चार मित्रांना घेऊन आला, तर वर २०,००० चा आकडा, कारखान्यातून येतो तोच. मित्र हसले. तो माझ्याकडे वळून म्हणाला, ‘काका, तुम्ही पाहिलं होतं ना?’

मी पाहिलं होतं.

समोरच्या चहावाल्याने सांगितलं, आतली बॅटरी संपली असेल, बदला. मिस्त्री म्हणाले, या मशीनला ती बॅटरीच नाही. काही गेमांमधे असते, ‘डिफेंडर’च्या बोर्डावर तीन पेन्सिल सेल बसतात आणि आकडे टिकतात. पण सेल गळले की तेच बोर्ड खाऊन टाकतात. आपल्या मशीनमधे स्कोअर चालू विजेवर तग धरतो. वीज गेली की गेला, रात्री बटण बंद केलं तरी गेला.

त्याच दिवशी मी फळा आणला. नियम एकच: खेळ संपून अक्षरं लिहिली जात असताना मी स्वतः बघणार, मगच खडू. पहिली ओळ त्या मुलाची. पुढे मे महिन्यात भागीदाराने बोर्डावरच्या बारीक खटक्यांतून तीन जीवांचे दोन केले, गल्ला वाढावा म्हणून. मुलांच्या हे दुसऱ्याच दिवशी लक्षात आलं. एक म्हणाला, जुने आकडे सोपे होते, पुसा. दुसरा म्हणाला, झाले ते झाले. मी मधोमध आडवी रेघ मारली आणि खाली नवे आकडे लिहू लागलो. ते बरोबर केलं का, यावर त्या दोघांचं कधीच पटलं नाही.

नंतर ‘मुस्तफा’ हा गेम आला. त्यात मेलं की टोकन टाकून तिथूनच पुढे जाता येई, त्यामुळे स्कोअर कोणी विचारेना. फळा माळ्यावर गेला.

दिवाळीला येशील तेव्हा खाली काढू. वरची ओळ तिरप्या उजेडात अजून वाचता येते. ओल्या फडक्याने मात्र पुसू नकोस.

तुझा
आजोबा