गरम पाण्यातला मध : विषाची एक जुनी वंशावळ

#थ्रेड

‘मध गरम पाण्यात घालू नये, त्याचे विष होते.’ हे वाक्य ऐकले नाही असे मराठी घर विरळाच. गंमत अशी, की त्याच घरात सकाळी कोमट पाणी, लिंबू आणि मधही घेतला जातो. ही समजूत आजीबाईच्या बटव्यातली नव्हे. तिला लेखी पूर्वज आहेत.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील २७ व्या अध्यायात अन्नपदार्थांचे गुणदोष सांगितले आहेत. मधाविषयी तेथे म्हटले आहे, की गरम केलेला मध, किंवा उष्म्याने त्रासलेल्या माणसाने घेतलेला मध, मारक ठरतो. कारणही दिले आहे : मधाचा विषाशी असलेला संबंध. मधमाशी स्वतः विषारी आणि ती ज्या फुलांवर बसते त्यांतली काही विषारी. म्हणून मधात विषाचा अंश गृहीत धरला गेला.

हे कारण नीट वाचावे. उष्णता मधात नवे विष निर्माण करते, असे चरक म्हणत नाही. विष मुळातच आहे आणि उष्णतेशी त्याचे जमत नाही, असा हा तर्क आहे.

यातला फुलांचा भाग निव्वळ कल्पना नाही. इ.स.पू. ४०१-४०० च्या सुमारास ग्रीक सेनानी झेनोफोन आपले सैन्य घेऊन काळ्या समुद्राकडे निघाला होता. ट्रॅपेझस, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातील ट्रॅबझॉन, याच्या परिसरात सैनिकांनी पोळी फोडून मध खाल्ला. उलट्या, जुलाब सुरू झाले. कोणाला उभे राहवेना. थोडा खाल्लेले झिंगल्यासारखे दिसत होते, जास्त खाल्लेले वेडे झाल्यासारखे. कोणी दगावले नाही. तीन-चार दिवसांत सारे उठून उभे राहिले. त्या भागातल्या ऱ्होडोडेंड्रॉनच्या मकरंदात ग्रायानोटॉक्सिन नावाचे विष असते. तो मध कोणी तापवला नव्हता. विष फुलातूनच आले होते.

पुन्हा संहितांकडे येऊ, कारण खरी मेख तेथे आहे. सुश्रुत आणि वाग्भट दोघेही उष्ण मधाला मनाई करतात, आणि दोघेही अपवाद सांगतात : वमनात उष्ण मध चालतो, वाग्भटाच्या मते निरूह बस्तीतही. का? तो पचण्याआधीच शरीराबाहेर पडतो म्हणून. म्हणजे शास्त्रकारांच्या मनात प्रश्न पचनाचा होता. स्पर्शाने मारणारे जहर त्यांना अभिप्रेत नव्हते. च्यवनप्राशाच्या पाकातही मध घालायचा तो पाक निवल्यावर. घरोघरी पोहोचताना अपवाद गळाला आणि ‘विष’ तेवढे उरले.

आता आधुनिक पुरावा म्हणून हायड्रॉक्सिमिथाइलफुरफुरॉल, थोडक्यात एचएमएफ, पुढे केले जाते. मधातल्या फळशर्करेपासून आम्लात व उष्णतेत ते तयार होते, हे खरे. पण मधाच्या तपासणीत ते शिरले भेसळीच्या शोधातून. आम्ल घालून तापवलेला साखरेचा पाक मध म्हणून विकला जाई. त्यात एचएमएफ भरपूर असे. फीहे या रसायनतज्ज्ञाच्या चाचणीत अशा मधाला लाल रंग येतो. कोडेक्सची मर्यादा किलोमागे ४० मिलिग्रॅम, उष्ण प्रदेशातल्या मधासाठी ८०. ही ताजेपणाची खूण आहे, विषाची सीमारेषा नव्हे. भाजलेल्या कॉफीत याच्या कित्येक पट एचएमएफ असते.

आणि वेग? एचएमएफ किलोमागे ३० मिलिग्रॅमपर्यंत चढायला ७० अंशांवर साधारण ५ ते १४ तास लागतात. ४० अंशांवर २० ते ५० दिवस. पेल्यातला मध दहा मिनिटांत पोटात जातो. त्यापेक्षा विदर्भातल्या उन्हाळ्यात महिनाभर फळीवर तापलेली बाटली अधिक एचएमएफ बाळगून असते! मध गरम केल्याने सुगंध उडतो, विकरे नष्ट होतात. नुकसान असेल तर ते एवढेच. एचएमएफ खरोखर बाधते ते मधमाश्यांना. म्हणून त्यांना तापून जुना झालेला पाक खाऊ घालत नाहीत.

मधाचा एक धोका मात्र खरा आहे आणि तो याच घरांत दुर्लक्षित राहतो. जातकर्म संस्कारात नवजाताला मध-तूप चाटवण्याची प्रथा आहे. आजही बोटाने मध चाटवला जातो. मधात क्लॉस्ट्रिडियम बोटुलिनम या जिवाणूचे बीजाणू असू शकतात. मोठ्यांना ते सहसा बाधत नाहीत. पण वर्षाच्या आतील बाळाच्या आतड्यात ते रुजून विष तयार करतात. बद्धकोष्ठ, क्षीण रडणे, मान न धरणे, चोखण्याची ताकद जाणे ही त्याची लक्षणे. हे बीजाणू उकळत्या पाण्यातही मरत नाहीत, त्यामुळे मध गरम केला काय नि थंड दिला काय, बाळासाठी तो सारखाच वर्ज्य.