हॉजकिनच्या जपून ठेवलेल्या गाठी

तर मंडळी, साल 1832, लंडन. गाईज हॉस्पिटलच्या थॉमस हॉजकिनने सुजलेल्या लसिकाग्रंथींच्या सात केसेस मांडल्या, त्याही मायक्रोस्कोपशिवाय! त्यातल्या काही गाठी म्युझियममध्ये जपून ठेवल्या होत्या. 1926 मध्ये हर्बर्ट फॉक्सने त्या मायक्रोस्कोपखाली पाहिल्या, तेव्हा कळलं की सगळ्या एकाच आजाराच्या नव्हत्या.

म्हणूनच हॉजकिन की नॉन-हॉजकिन, हे आजही बायोप्सीच ठरवते. शक्यतो अख्खी गाठ काढतात, कारण बारीक सुईतून पेशी मिळतात, त्यांची मांडणी दिसत नाही.

1971 मध्ये अ‍ॅन आर्बरच्या स्टेज आल्या. त्या मुख्यतः आजार कुठवर पसरलाय ते सांगतात. एलडीएच त्यात नाहीच! पेशी फुटल्या की हे एन्झाइम रक्तात येतं. 1993 मध्ये आक्रमक नॉन-हॉजकिनसाठी आयपीआय स्कोअर आला. त्यात एलडीएच वाढलेला असेल तर एक गुण. समजा दोघंही स्टेज 2, पण एकाचा एलडीएच नॉर्मलच्या दुप्पट. स्टेज तीच, धोका मात्र जास्त. (सॅम्पलमधल्या लाल पेशी फुटल्या तरी आकडा वाढतो हं.)

आणि सीबीसी? ती नॉर्मल असूनही लिम्फोमा असू शकतो. रक्तपेशी कमी दिसल्या तर बोन मॅरोवर संशय जातो, आणि तिथे आजार सापडला की थेट स्टेज 4.