वाणिज्य पदवीनंतर सीए की एम.कॉम.? स्थिर नोकरीचा हिशेब इंटरमिजिएटच्या टप्प्यावर ठरतो

नवी दिल्ली : वाणिज्य शाखेची पदवी हाती पडल्यावर वित्तक्षेत्रात स्थिर नोकरी हवी असलेल्या विद्यार्थ्यापुढे साधारणतः दोन वाटा असतात. एक सनदी लेखापाल (सीए) होण्याची आणि दुसरी वाणिज्य विषयातील पदव्युत्तर पदवी, म्हणजे एम.कॉम. मिळविण्याची. दोन्हींत अभ्यासाचे विषय बऱ्याच अंशी समान आहेत. तथापि, सीए हा कायद्याने दिलेला व्यवसायाचा परवाना आहे, तर एम.कॉम. ही शैक्षणिक पात्रता आहे. कोणती वाट किती स्थिर, याचे उत्तर या भेदात दडलेले आहे.

सनदी लेखापालांचे नियमन 1949 च्या कायद्याने स्थापन झालेली भारतीय सनदी लेखापाल संस्था (आयसीएआय) करते. कंपनी कायदा, 2013 नुसार कंपनीचे वैधानिक लेखापरीक्षण केवळ सनदी लेखापालालाच करता येते. प्राप्तिकर कायद्याखालील कर लेखापरीक्षणही त्याच्याच स्वाक्षरीने होते. एम.कॉम. पदवीधारकाचे ज्ञान कितीही सखोल असले, तरी त्याला ही स्वाक्षरी करता येत नाही. बाजारात मंदी असो वा तेजी, कंपन्यांना दरवर्षी लेखापरीक्षण करून घ्यावेच लागते. सीएच्या कामाला टिकाऊपणा येतो तो यामुळे.

पदवीधरासाठी थेट प्रवेश

पदवीधराला सीएची फाउंडेशन परीक्षा द्यावी लागत नाही. वाणिज्य पदवीत किमान 55 टक्के, तर अन्य शाखांत किमान 60 टक्के गुण असल्यास इंटरमिजिएटसाठी थेट नोंदणी करता येते. नोंदणीनंतर परीक्षेपूर्वी आठ महिन्यांचा अभ्यासकाल पूर्ण व्हावा लागतो. जुलै 2023 पासून लागू झालेल्या नव्या योजनेनुसार इंटरमिजिएटचे दोन्ही गट उत्तीर्ण झाल्याशिवाय आर्टिकलशिप, म्हणजे सनदी लेखापालाच्या कार्यालयातील प्रत्यक्ष प्रशिक्षण, सुरू करता येत नाही. हे प्रशिक्षण आता तीनऐवजी दोन वर्षांचे आहे. ते संपल्यावर आणखी सहा महिन्यांनी अंतिम परीक्षेला बसता येते.

एका काल्पनिक उदाहरणावरून हा कालावधी स्पष्ट होईल. जून 2026 मध्ये 58 टक्के गुणांनी बी.कॉम. झालेल्या विद्यार्थिनीने ऑगस्टअखेर नोंदणी केली, तर तिला मे 2027 ची इंटरमिजिएट परीक्षा देता येईल. दोन्ही गट पहिल्याच प्रयत्नात सुटले, तर निकालानंतर ऑगस्ट 2027 मध्ये आर्टिकलशिप सुरू होऊन जुलै 2029 अखेर संपेल. सहा महिन्यांचा अवधी जानेवारी 2030 अखेर पूर्ण होत असल्याने जानेवारीची परीक्षा हुकेल आणि अंतिम परीक्षा मे 2030 मध्ये देता येईल. म्हणजे कोठेही अपयश आले नाही, तरी पदवीनंतर सुमारे चार वर्षे लागतात. तिच्याच वर्गातील विद्यार्थी चार सत्रांचा एम.कॉम. अभ्यासक्रम 2028 च्या उन्हाळ्यात पूर्ण करील.

खरी कसोटी कोठे?

अपयशाची शक्यता या हिशेबात धरावीच लागते. मे 2024 मध्ये इंटरमिजिएटच्या दोन्ही गटांना एकत्र बसलेल्यांपैकी 18.42 टक्के उत्तीर्ण झाले. सप्टेंबर 2024 मध्ये हेच प्रमाण 5.66 टक्के होते. हे आकडे त्या एका परीक्षेपुरते आहेत. अनेक जण पुढील प्रयत्नांत यशस्वी होतात. तरीही पहिल्या प्रयत्नात दोन्ही गट सुटतील असे गृहीत धरून घरखर्चाचे नियोजन करणे धोक्याचे ठरते. त्यातच आर्टिकलशिप आता इंटरमिजिएटनंतरच मिळत असल्याने या टप्प्यावर अडकलेल्याला विद्यावेतनही मिळत नाही आणि प्रशिक्षणाचा अनुभवही जमा होत नाही.

उत्तीर्णतेचा नियम बारकाईने समजून घ्यावा लागतो. प्रत्येक गटात 100 गुणांच्या तीन प्रश्नपत्रिका असतात. प्रत्येकीत किमान 40 आणि गटात एकूण 150 गुण आवश्यक असतात. समजा, एखाद्याला पहिल्या गटात 62, 44 आणि 41 गुण मिळाले. तिन्ही विषयांत 40 पेक्षा अधिक गुण असूनही बेरीज 147 होते आणि केवळ तीन गुणांनी तो गट जातो. मात्र त्याने दोन्ही गट एकत्र दिले असतील आणि दुसऱ्या गटात 155 गुण असतील, तर एकूण 600 पैकी 302 होऊन तो दोन्ही गटांत उत्तीर्ण ठरतो. एकच गट दिला असता, तर ही भरपाई झाली नसती. 62 गुणांच्या विषयात मात्र 60 ची मर्यादा ओलांडल्याने त्याला पुढील तीन परीक्षांसाठी सूट मिळू शकते.

एम.कॉम. कोठे उपयोगी पडते?

एम.कॉम.चा सर्वांत थेट उपयोग अध्यापनात होतो. 55 टक्के गुणांसह पदव्युत्तर पदवी आणि नेट किंवा सेट परीक्षा उत्तीर्ण असल्यास सहायक प्राध्यापकपदासाठी पात्रता मिळते. सातव्या वेतन आयोगानुसार या पदाचे प्रारंभिक मूळ वेतन 57,700 रुपये आहे. परंतु पात्रता आणि नियुक्ती यांत मोठे अंतर आहे. महाराष्ट्रात अनेक नेट-सेटधारक वर्षानुवर्षे तासिका तत्त्वावर शिकवतात. या वाटेची स्थिरता पदवीपेक्षा पदभरतीवर अवलंबून असते. शिवाय येथे सीएला अटकाव नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने 2021 मध्ये सीए ही पात्रता नेट परीक्षेसाठी पदव्युत्तर पदवीशी समकक्ष मानली.

सरकारी बँकांच्या प्रोबेशनरी अधिकारी भरतीसाठी कोणत्याही शाखेची पदवी पुरते. कर्मचारी निवड आयोगाच्या संयुक्त पदवीधर परीक्षेलाही पदवीवरच बसता येते. त्यामुळे केवळ बँकेच्या परीक्षेसाठी एम.कॉम. करणाऱ्याला पात्रतेत भर पडत नाही. त्याला मिळतो तो तयारीसाठी दोन वर्षांचा अवधी. हा अवधी उपयोगाचा असतो, पण वयोमर्यादेचे घड्याळ त्या काळातही चालूच राहते. सेबीच्या सहायक व्यवस्थापक पदासारख्या काही ठिकाणी मात्र पदव्युत्तर पदवी किंवा सीए यांपैकी एक पात्रता प्रत्यक्ष कामी येते.

निवड कशी करावी?

ज्याच्या घरी किमान दोन वर्षे कमाईशिवाय चालू शकते आणि ज्याला लेखापरीक्षण वा करविषयक काम करायचे आहे, त्याच्यासाठी सीए अधिक टिकाऊ ठरते. मात्र सुरुवातीलाच मुदत आखून घ्यावी. परीक्षा जानेवारी, मे आणि सप्टेंबर अशी वर्षातून तीनदा होत असल्याने चार परीक्षांत, म्हणजे पहिल्या परीक्षेपासून सुमारे सव्वा वर्षात, एकही गट सुटला नाही, तर फेरविचार करणे योग्य. एक गट सुटला असेल, तर पुढे जाण्यात अर्थ आहे.

अध्यापनाची ओढ असलेल्याने एम.कॉम. करताना पहिल्याच वर्षापासून नेट-सेटची तयारी करावी, तर बँकेकडे वळणाऱ्याने पदवीनंतर लगेच परीक्षा द्यावी. सीए करताना दूरशिक्षणातून एम.कॉम. करण्याचा विचार असल्यास आर्टिकलशिपच्या काळात संस्थेची पूर्वपरवानगी लागते, हे आधीच ध्यानात घ्यावे.