लोकहिताचा अर्थ कोणी ठरवायचा? वृत्तपत्रस्वातंत्र्याच्या मर्यादांविषयी दोन निवाडे

मराठी वैचारिक गद्याच्या आरंभकाळात 'लोकहित' हा शब्द एका लेखकाच्या टोपणनावात येतो. भाऊ महाजनांच्या 'प्रभाकर'मध्ये 1848 पासून गोपाळ हरी देशमुख 'लोकहितवादी' या नावाने पत्रे लिहू लागले, ती मुख्यतः स्वतःच्याच समाजाचे दोष उघडे करण्यासाठी. तेथे लोकहित हा बोलण्याचा अधिकार होता. अप्रिय गोष्ट का बोलावी, याचे ते उत्तर होते. पुढील शतकाच्या उत्तरार्धात हाच शब्द वेगळ्या तोंडी आढळतो. छापू नये असे शासन सांगते, तेव्हा त्याचे कारण म्हणूनही लोकहितच पुढे केले जाते. शब्द तोच राहिला, पण तो उच्चारणारा बदलला. लोकशाहीतील वृत्तपत्रस्वातंत्र्याच्या मर्यादांचा प्रश्न या बदलात दडलेला आहे, असे प्रस्तुत निबंधात मांडायचे आहे. मर्यादा असाव्यात की नसाव्यात, हा वाद फारसा फलदायी नाही, कारण कोणत्याही लोकशाहीने वृत्तपत्रांना अमर्याद मोकळीक दिलेली नाही. लोकहिताचा अर्थ कोणी, कशाच्या आधारे आणि कोणापुढे उत्तरदायी राहून ठरवायचा, हा खरा प्रश्न आहे.

भारतीय संविधानाने हा अर्थ सैल सोडलेला नाही. एकोणिसाव्या अनुच्छेदात भाषण व अभिव्यक्तीचे स्वातंत्र्य दिल्यानंतर ते कोणत्या कारणांनी मर्यादित करता येईल, याची यादीच दुसऱ्या खंडात दिली आहे. आरंभी ती यादी आखूड होती. मुंबईहून निघणाऱ्या 'क्रॉस रोड्स' या डाव्या विचाराच्या साप्ताहिकाला मद्रास सरकारने 'सार्वजनिक सुरक्षितते'च्या कारणाने प्रवेशबंदी केली आणि दिल्लीच्या 'ऑर्गनायझर'वर पूर्वतपासणी लादली गेली. 26 मे 1950 रोजी सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही आदेश रद्द केले. परस्परविरोधी विचारांच्या दोन पत्रांना एकाच दिवशी एकाच तत्त्वाने न्याय मिळाला, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे. राज्याची सुरक्षितता ही गंभीर आणि मर्यादित कल्पना आहे, सार्वजनिक सुरक्षितता तिच्याहून पुष्कळ व्यापक आहे आणि संविधानाच्या यादीत ती नाही, असे न्यायालयाने म्हटले. त्यावर शासनाने 1951 मध्ये पहिली घटनादुरुस्ती करून यादीत 'सार्वजनिक सुव्यवस्था' घातली. त्याच वेळी निर्बंध 'वाजवी' असला पाहिजे, अशी अटही आली. यादी वाढली खरी, पण ती यादीच राहिली. 'जनसामान्यांचे हित' हे शब्द तिच्यात तेव्हाही नव्हते आणि आजही नाहीत. व्यवसायस्वातंत्र्यावरील निर्बंधांच्या संदर्भात मात्र ते त्याच अनुच्छेदाच्या सहाव्या खंडात आहेत.

या फरकाचे महत्त्व पुण्याच्या 'सकाळ'ने लढवलेल्या खटल्यात स्पष्ट झाले. न्यायमूर्ती राजाध्यक्ष यांच्या अध्यक्षतेखालील पहिल्या वृत्तपत्र आयोगाने 1954 च्या अहवालात अशी चिंता व्यक्त केली होती की, भांडवलाच्या बळावर मोठी पत्रे कमी किमतीत अधिक पाने देतात आणि लहान पत्रांना जगणे अशक्य करतात. त्यावर उपाय म्हणून पानांच्या संख्येशी किंमत बांधून टाकणारा कायदा 1956 मध्ये झाला आणि त्याखाली 1960 मध्ये आदेश निघाला. जाहिरातींच्या जागेवर आणि पुरवण्यांवरही त्यात नियंत्रण होते. डॉ. ना. भि. परुळेकरांनी 1932 मध्ये सुरू केलेले 'सकाळ' तेव्हा आठवड्यातील पाच दिवस सहा पाने आणि एक दिवस चार पाने देत असे. म्हणजे रविवार वगळता 34 पाने होत, आणि अंकाची किंमत होती 7 नवे पैसे. आदेशानुसार ही किंमत टिकवायची तर पाने 24 वर आणावी लागणार होती, आणि पाने टिकवायची तर किंमत वाढवावी लागणार होती.

वरवर पाहता यात सेन्सॉरशिप कोठेच नाही. कोणताही मजकूर अडवलेला नाही, कोणत्याही मताला हात लावलेला नाही. शासनाची बाजूही हीच होती. हे व्यवसायाचे नियमन आहे, त्याचा हेतू मक्तेदारी रोखण्याचा आहे आणि म्हणून ते लोकहिताचे आहे, असा तिचा आशय होता. 25 सप्टेंबर 1961 रोजी न्यायमूर्ती ज. र. मुधोळकर यांनी लिहिलेल्या निवाड्यात हा युक्तिवाद फेटाळला गेला. त्यामागील तर्क साधा आहे. पाने कमी केली की वृत्त आणि मत यांना मिळणारी जागा कमी होते. किंमत वाढवली की वाचक कमी होतात. जे लिहायचे त्याचे परिमाण आणि ते जितक्यांपर्यंत पोचते ती व्याप्ती, ही दोन्ही अभिव्यक्तीची अंगे आहेत. वृत्तपत्र हा व्यवसायही असला, तरी व्यवसायासाठी उपलब्ध असलेले जनहिताचे कारण उसने आणून अभिव्यक्तीवर निर्बंध घालता येणार नाही. एका स्वातंत्र्याच्या दाराने आत शिरून दुसरे स्वातंत्र्य हिरावून घेण्यास शासनाला मज्जाव आहे, असा या निवाड्याचा मथितार्थ आहे.

तथापि या विजयाची दुसरी बाजू टाळणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. आयोगाने दाखवलेली भीती काल्पनिक नव्हती. 1972 मध्ये कागदाच्या आयातधोरणातील दहा पानांच्या कमाल मर्यादेचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे आला, तेव्हा बहुमताने 'सकाळ'चेच तत्त्व पुढे चालवले. न्यायमूर्ती मॅथ्यू यांनी मात्र भिन्नमत नोंदवले. स्वातंत्र्याचा विचार केवळ मालकाच्या दृष्टीने करता येणार नाही, विविध मते कानी पडणे हा वाचकसमाजाचाही हक्क आहे, असा त्यांच्या मांडणीचा रोख होता. हे भिन्नमत लोकहिताची कल्पना लोकांच्या ऐकण्याच्या हक्काशी जोडते आणि म्हणून ते आजही विचारार्ह आहे. अडचण एवढीच की, वैविध्य राखण्याचे हत्यार ज्याच्या हाती द्यायचे, त्याच शासनावर टीका करण्याचे काम वृत्तपत्रांना करावयाचे असते. ही अडचण किती खरी होती, हे तीनच वर्षांत दिसून आले.

25 जून 1975 रोजी अंतर्गत अशांततेच्या कारणावरून आणीबाणी घोषित झाली आणि दुसऱ्याच दिवशी संरक्षण नियमावलीच्या अठ्ठेचाळिसाव्या नियमाखाली सेन्सॉरशिपचा आदेश निघाला. विवक्षित विषयांवरील वृत्त, भाष्य वा अफवा प्राधिकृत अधिकाऱ्याला दाखवल्यावाचून छापू नये, असा तो आदेश होता. मीनू मसानी यांनी 'फ्रीडम फर्स्ट' या मुंबईच्या मासिकाच्या ऑगस्ट 1975 च्या अंकासाठी मजकूर पाठवला, तेव्हा त्यातील अकरा लेखांना परवानगी नाकारली गेली. मसानी मुंबई उच्च न्यायालयात गेले. तेथे निकाल त्यांच्या बाजूने लागल्यावर सेन्सॉर अधिकारी बिनोद राव यांच्या वतीने अपील झाले, आणि न्यायमूर्ती मादन व न्यायमूर्ती कानिया यांच्या खंडपीठाने 10 फेब्रुवारी 1976 रोजी ते फेटाळले.

या निवाड्याचे वैशिष्ट्य त्याच्या संयमात आहे. आणीबाणीत एकोणिसावा अनुच्छेद निष्प्रभ झाला होता, त्यामुळे 'सकाळ'चा मार्ग बंद होता. शासनाचे म्हणणे असे की, मूलभूत हक्कच नाही तर याचिका कसली, आणि काय घातक आहे हे ठरवणारे सेन्सॉरचे मत न्यायालयाला तपासता येणार नाही. न्यायालयाने सेन्सॉरशिप अवैध ठरवली नाही. त्याने फक्त एवढेच विचारले की, अधिकाऱ्याला ही सत्ता कोठून मिळाली? ती ज्या नियमातून मिळाली, त्या नियमाने तिचे हेतूही सांगितले आहेत : देशाचे संरक्षण, अंतर्गत सुरक्षितता, सार्वजनिक सुव्यवस्था इत्यादी. या हेतूंशी ज्याचा संबंध दाखवता येत नाही, असा मनाईहुकूम म्हणजे सेन्सॉरशिप नव्हे, तो सत्तेचा अतिरेक आहे. नागरिक येथे हक्क मागत नसून अधिकाऱ्याला त्याच्याच नियमाची आठवण करून देत आहे. वरिष्ठांनी पाठवलेल्या मार्गदर्शक सूचनांनी नियमाची व्याप्ती वाढत नाही, आणि शासनाच्या धोरणाशी मतभेद म्हणजे सुव्यवस्थेला धोका नव्हे. साऱ्या नियतकालिकांनी एका सुरात बोलावे, अशी व्यवस्था करणे हे सेन्सॉरचे कामच नाही, असे या निवाड्याने स्वच्छपणे सांगितले.

म्हणजे 1961 मध्ये न्यायालयाने लोकहित हे कारण यादीत नाही म्हणून नाकारले, तर 1976 मध्ये जे कारण यादीत होते त्याचा अर्थ शासनाच्या सोयीपर्यंत ताणण्यास नकार दिला. दोन्ही ठिकाणी वाचनाची पद्धत एकच आहे. शब्दाला त्याच्या संदर्भात बांधून ठेवायचे आणि सत्ताधाऱ्याला त्याचा कोशकार होऊ द्यायचे नाही. साहित्याच्या अभ्यासकाला ही पद्धत परकी वाटू नये.

या पद्धतीच्या मर्यादाही त्याच प्रकरणात दिसतात. ऑगस्टच्या अंकातील लेखांना न्याय मिळाला तो फेब्रुवारीत. तात्कालिक भाष्याच्या दृष्टीने सहा महिने म्हणजे जवळजवळ नकारच. गुजरातेत 'भूमिपुत्र' या सर्वोदयी पत्राच्या प्रकरणात उच्च न्यायालयाने मार्च 1976 मध्ये सेन्सॉरविरुद्ध निकाल दिला, तर तो निकाल छापण्यालाच मनाई झाली. शिवाय न्यायालयात जाण्यासाठी लेखी नकार हाती असावा लागतो. तोंडी सूचनेला आव्हान देणे कठीण, आणि संपादकाने आपणहून गाळलेल्या ओळीला तर अशक्यच. पुढे 1978 च्या चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने 'अंतर्गत अशांतता' हे आणीबाणीचे कारण काढून टाकले, आणि युद्ध वा परकीय आक्रमण यांखेरीज अन्य कारणाने पुकारलेल्या आणीबाणीत एकोणिसावा अनुच्छेद आपोआप स्थगित होणार नाही, अशी तरतूद केली. कायद्यातील ही उणीव भरून निघाली. स्वयंसेन्सॉरशिपची उणीव मात्र कोणतीही दुरुस्ती भरून काढू शकत नाही.

तेव्हा एखादा निर्बंध खरोखर लोकहिताचा आहे की नाही, हे ओळखण्यासाठी या दोन निवाड्यांतून तीन प्रश्न हाती येतात. निर्बंधाचे कारण आधीच लिहिलेले आहे की प्रसंगानुसार सुचलेले? अडवलेला मजकूर आणि सांगितलेला धोका यांतील दुवा शासनाव्यतिरिक्त दुसऱ्या कोणाला तपासता येतो का? आणि तिसरा, या निर्बंधाविषयीच छापण्याची मुभा आहे का? बदनामीचा कायदा किंवा हिंसेला चिथावणी देणाऱ्या लेखनावरील बंदी यांवर वाद घालता येतो, तो वाद छापता येतो आणि न्यायालयात हरता किंवा जिंकता येतो. 'भूमिपुत्रा'च्या निकालाबाबत यांतील तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर नकारार्थी होते. ज्या निर्बंधाची बातमीही देता येत नाही, तो लोकहितासाठी आहे हे पटवून द्यायला मग लोकच उरत नाहीत.