मँचेस्टरचं लाकडी चाक

न्यू हॅम्पशरमधल्या मँचेस्टरला पहिल्यांदा गेलो तेव्हा मला गिरणगाव आठवलं. मेरिमॅक नदीच्या काठाने मैलभर लांब, लाल विटांच्या, एकसारख्या खिडक्यांच्या इमारती. आता त्यांत ऑफिसं, कॉलेजचे वर्ग, खाण्याची ठिकाणं आहेत. एकेकाळी ही अ‍ॅमॉस्केग कंपनीची कापडगिरणी होती. ती 1930च्या दशकात बंद पडली. आपल्याकडच्या गिरण्यांची गोष्टही फार वेगळी नाही, पण आज सांगायचं आहे ते एका चाकाबद्दल.

ऑक्टोबर 1891 मध्ये या गिरणीतल्या कॉर्लिस जातीच्या वाफेच्या इंजिनाचं फ्लायव्हील फुटलं. व्यास 30 फूट, म्हणजे तीन मजली घराएवढा. चाक ओतीव लोखंडाचं, आपण ज्याला बीड म्हणतो त्याचं. त्याच्या रुंद रिमवरून पट्टे जात आणि मजल्यामजल्यांवरचे माग फिरत. ते फुटलं तेव्हा तुकडे इमारत फोडून गेले आणि माणसं दगावली. असे अपघात त्या काळात अमेरिकेत इतके होत, की बॉयलरचा विमा उतरवणाऱ्या कंपन्या पुढे फ्लायव्हीलचाही विमा उतरवू लागल्या.

आपल्यापैकी जे इंजिनिअरिंग शिकले त्यांना चाक का फुटतं याचं सूत्र पाठ असेल. बाकीच्यांसाठी सांगतो, अवघड नाही.

लोखंडाची एक बारीक कडी कल्पा, तिला आरे नाहीत, तुंबा नाही, आणि ती स्वतःभोवती फिरते आहे. कडीच्या प्रत्येक कणाला सरळ रेषेत निघून जायचं आहे, शेजारचे कण त्याला वळवून धरतात. ही धरून ठेवण्याची ओढ कडीच्या लांबीच्या दिशेने असते. आता कडी मधोमध कापून अर्धीच पाहा. अर्ध्या कडीची बाहेर पळण्याची एकूण ओढ दोन कापलेल्या टोकांनी पेलायची असते. आडव्या छेदाचं क्षेत्रफळ A, घनता ρ आणि कडेचा वेग v धरला, तर ती ओढ 2ρAv² भरते. टोकं दोन, म्हणून प्रत्येकाच्या वाट्याला ρAv². ताण म्हणजे हे बल भागिले क्षेत्रफळ, म्हणून A उडून जातो आणि उरतं एवढंच:

σ = ρv²

जाडीही गेली, रुंदीही गेली. कडी दुप्पट जाड केली तर ताकद दुप्पट होते खरी, पण फेकलं जाणारं वजनही दुप्पट होतं. चाक लहान की मोठं याचाही प्रश्न नाही, फक्त कडेचा वेग मोजायचा. वेग दुप्पट झाला की ताण चौपट. हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा फसवल्यासारखं वाटलं होतं. आमच्या गावाकडच्या कडबाकुट्टीचं चाक जाडजूड होतं म्हणून ते सुरक्षित, असं मी लहानपणापासून धरून चाललो होतो.

आता 30 फुटी चाकाचा हिशेब करू. सोयीसाठी मिनिटाला 60 फेरे धरतो, म्हणजे सेकंदाला एक. परीघ सुमारे 28.7 मीटर, म्हणून कडेचा वेगही सेकंदाला 28.7 मीटर. बिडाची घनता घनमीटरला 7,200 किलो. सूत्रात घातलं की ताण येतो चौरस सेंटिमीटरला सुमारे 60 किलो. आणि बीड तुटतं कधी? साधारण 1,100 किलोच्या आसपास. म्हणजे अठरापट सुरक्षितता! पुलालाही कोणी इतकी देत नाही. या हिशेबाने चाक फुटायला मिनिटाला अडीचशेहून जास्त फेरे लागतील, आणि गव्हर्नर बंद पडून इंजिन सुसाट सुटलं तरी इतकं धावणं कठीण.

तरी अशी चाकं फुटत होती. मग सूत्र चुकलं का? सूत्र बरोबर आहे, ते ज्या कडीचं आहे ती कडी मात्र कोणत्याच गिरणीत नव्हती.

खऱ्या चाकाला आरे असतात. रिम फिरताना ताणली जाते आणि तिला थोडं मोठं व्हायचं असतं. आरे तिला आत ओढून धरतात. मग दोन आऱ्यांच्या मधली रिम बाहेर फुगते आणि आऱ्याजवळची आत राहते. दोन टेकूंवर ठेवलेली फळी मध्ये वाकते, तशीच ही रिमही वाकते, फरक इतकाच की वजनाच्या जागी केंद्रोत्सारी ओढ. बॉस्टनच्या एमआयटीत यंत्र अभियांत्रिकीचे प्रमुख असलेले गॅटानो लान्झा यांनी 1890च्या दशकात हा प्रश्न हाती घेतला. त्यांचं गृहीतक असं: रिमला मोकळेपणी जेवढं मोठं व्हायचं असतं, त्याच्या तीन चतुर्थांश आरे लांबतात. म्हणून ताण धरायचा तो तीन चतुर्थांश कडीचा आणि एक चतुर्थांश वाकण्याचा.

इथे माझ्या वयाच्या मराठी इंजिनिअरांना काहीतरी आठवलं असेल! मशीन डिझाइनच्या पेपरात हेच सूत्र असे:

σ = ρv² (0.75 + 4.935 R / (n² t))

R म्हणजे त्रिज्या, n आऱ्यांची संख्या, t रिमची जाडी. ते 0.75 कुठून आलं हे आम्हाला कोणी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. पाठ केलं, मार्क मिळवले. वीसेक वर्षांनी बॉस्टनपासून तासाभरावर राहायला आल्यावर त्याचा उगम इथला असल्याचं कळलं.

या सूत्रात जाडी पुन्हा हजर झाली आहे, तीही भाजकाच्या खाली. आपल्या 30 फुटी चाकाची रिम 10 सेंटिमीटर जाड आणि आरे 12 असतील, तर कंसातली संख्या येते सुमारे 2.3. तीच रिम सहा आऱ्यांवर असेल तर थेट 7! फुटण्याची मर्यादा अडीचशे फेऱ्यांवरून बारा आऱ्यांत 170 च्या आसपास येते आणि सहा आऱ्यांत शंभराच्याही खाली. पातळ रिम आणि लांब लांब आरे, हे पट्ट्याच्या रुंद चाकांचं नेहमीचं रूप होतं.

पण हे झालं कागदावर. लान्झांचं गृहीतक गृहीतकच होतं. खरं काय ते पाहायचं तर चाक फोडायला हवं, आणि 30 फुटी चाक कोण फोडू देणार? इथे क्लीव्हलंडच्या केस स्कूलमधल्या चार्ल्स बेंजामिन यांची युक्ती मला फार आवडते. ताण व्यासावर अवलंबून नाही ना? मग चाकं लहान करा, प्रमाण तेच ठेवा आणि कडेचा वेग मोठ्या चाकाएवढा न्या, ताण तोच येईल. 1890च्या दशकाच्या शेवटी त्यांनी 15 इंची आणि पुढे 24 इंची बिडाची चाकं भक्कम आवरणात फिरवून फोडायला सुरुवात केली. अखंड रिमचं चाक कडेचा वेग सेकंदाला 395 फुटांच्या आसपास गेल्यावर फुटलं. 15 इंची चाकासाठी ते मिनिटाला सहा हजार फेरे होतात. त्या वेगाला ρv² काढलं की चौरस सेंटिमीटरला सुमारे 1,100 किलो येतात, जवळजवळ बिडाची सगळी ताकद. म्हणजे नेहमीच्या प्रमाणाच्या अखंड रिममध्ये वाकण्याचा वाटा फार नव्हता. लान्झांचं सूत्र अशा चाकांना वाजवीपेक्षा जास्त भिववत होतं.

खरा घात निघाला सांध्यात. मोठं चाक एका ओतात करता येत नाही, आणि केलं तरी रेल्वेने नेता येत नाही. म्हणून रिम तुकड्यातुकड्यांत ओतत, टोकांना आतून फ्लँज ठेवत आणि बोल्टने आवळत. हे सांधे बहुधा दोन आऱ्यांच्या मधोमध येत, म्हणजे रिम जिथे बाहेर फुगते नेमकी तिथे. फुगवट्याने सांध्याच्या बाहेरच्या कडेला तो उघडायला लागतो, बोल्ट मात्र आतल्या बाजूला. शिवाय फ्लँजचं वजन त्या जागेवर आणखी ओढ आणतं. अशी चाकं बेंजामिन यांच्याकडे साधारण निम्म्या वेगालाच फुटली. निम्मा वेग म्हणजे चौथा हिस्सा ताकद. आपल्या हिशेबात अडीचशे फेऱ्यांचे राहिले सव्वाशे. वाकण्याचा परिणाम यात आलेलाच आहे, कारण खरं चाक खरोखर फोडून मोजलं आहे. त्यात ओतकामातली पोकळी किंवा असमान थंड होण्याने आत अडकलेला ताण मिळवा, मग साठवर चालणाऱ्या चाकाला गव्हर्नरचा पट्टा निसटण्याचं निमित्त पुरतं. तपासणाऱ्या माणसानेही म्हणूनच रिमच्या चकचकीत पाठीकडे कमी आणि आतल्या बाजूला, फ्लँजच्या मुळाशी आणि आरा रिमला मिळतो त्या कोपऱ्याशी जास्त पाहायचं. भेग तिथून निघते.

पण मँचेस्टरचे लोक या प्रयोगांसाठी थांबले नव्हते. अ‍ॅमॉस्केगचे अभियंता चार्ल्स मॅनिंग यांनी अपघातानंतर लगेच नवं चाक बांधलं, तेही 30 फुटी, पण लाकडी रिमचं. अ‍ॅश नावाच्या झाडाच्या फळ्या कडेवर उभ्या करून, सांधे एकमेकांवर येणार नाहीत असे चुकवत, 44 थर सरस आणि बोल्टने एकत्र जोडले. रिम 12 इंच जाड, 108 इंच रुंद. तुंबे दोन आणि आऱ्यांचे संचही दोन, प्रत्येकात बारा, हे सगळं बिडाचंच. ऐकणाऱ्याला हे मागे जाणं वाटावं. लोखंड फुटलं म्हणून लाकूड?

सूत्राकडे पुन्हा पाहा. ρv² मध्ये ρ आहे. अ‍ॅशचं लाकूड बिडाच्या साधारण अकराव्या हिश्शाएवढं हलकं, म्हणून त्याच वेगाला ताणही अकरावा हिस्सा. तंतूंच्या दिशेने त्याची ताकद मात्र बिडाच्या पंगतीत बसते. सांध्यांपायी त्यातली बरीच गेली असं धरलं तरी हिशेब लाकडाच्याच बाजूने झुकतो. सांधेही एका जागी नाहीत. जिथे एक थर तुटतो तिथे शेजारचे अखंड आहेत. मॅनिंगनी हे चाक मिनिटाला 76 फेऱ्यांवर चालवून तपासलं. त्या वेगाला लाकडातला ताण माझ्या हिशेबाने चौरस सेंटिमीटरला नऊ किलोच्या आसपास येतो, आणि बिडात तो शंभराच्या घरात गेला असता.

हलक्या रिमची किंमत होतीच. त्याच वेगाला ती कमी ऊर्जा साठवते. पट्टे फिरवणं हेच मुख्य काम असलेल्या गिरणीला ते चालण्यासारखं होतं. पण हाच हिशेब उलटा वाचला तर गंमत दिसते. एक किलो रिम जास्तीत जास्त किती ऊर्जा साठवू शकेल, तर तिच्या ताकदीला घनतेने भागून जे येईल त्याच्या निम्मी. म्हणजे ऊर्जा साठवायला जड रिम लागत नाही, हलकी आणि ताणाला पक्की रिम लागते. फक्त तिला खूप जोरात फिरवायला हवं. न्यू यॉर्क राज्यात स्टीफनटाउन नावाच्या गावी 2011 मध्ये विजेचा पुरवठा समतोल ठेवण्यासाठी अशी 200 चाकं बसवली. ती मिनिटाला सोळा हजार फेऱ्यांपर्यंत निर्वात भांड्यात फिरतात, आणि रिम आहे कार्बनच्या धाग्यांची, वर्तुळाच्या दिशेने गुंडाळून चिकटवलेली.